यीस्ट-मोल्ड काउंट दहाच्या आत, तरी ब्रेडला तार: नाशिकच्या एका बेकरीचे प्रकरण

मे महिन्यात नाशिकच्या एका मध्यम आकाराच्या बेकरीचे मालक आमच्या प्रयोगशाळेत आले. एका हातात ब्राउन ब्रेडच्या दोन पिशव्या, दुसऱ्या हातात दुसऱ्या एका प्रयोगशाळेचा अहवाल. अहवालात लिहिले होते: यीस्ट आणि मोल्ड काउंट ग्रॅममागे १० पेक्षा कमी, नमुना समाधानकारक. त्याच घाण्याचा ब्रेड मात्र तिसऱ्या दिवशी एका वसतिगृहाने परत पाठवला होता. ब्रेडवर बुरशीचा एक ठिपकाही नव्हता. पिशवी उघडली की जास्त पिकलेल्या खरबुजासारखा, थोडा अननसासारखा गोड वास यायचा. स्लाइस मधोमध पिवळट-तपकिरी आणि चिकट झालेली असायची, आणि ती दोन बोटांनी हळूच ओढली की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे निघायचे.

शेठ म्हणाले, “मॅडम, रिपोर्ट पास आहे. मग माल खराब कसा? एक तर रिपोर्ट खोटा, नाही तर गिऱ्हाईक खोटं.”

दोन्ही खरे होते. तो अहवाल ज्या प्रश्नाचे उत्तर देतो, तो या ब्रेडचा प्रश्नच नव्हता. हे प्रकरण सविस्तर लिहायचे कारणही तेच. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि बेकरीवाल्यांना यीस्ट-मोल्ड काउंट म्हणजे ब्रेडची संपूर्ण तपासणी वाटते. ती नाही.

तक्रार कोणत्या मालाची, कोणत्या मालाची नाही

प्लेट ओतण्याआधी आम्ही शेठना बराच वेळ नुसते विचारत बसलो, आणि निम्मे निदान तिथेच झाले. तक्रार सगळ्यात जास्त ब्राउन ब्रेडची होती. साध्या पांढऱ्या सँडविच ब्रेडच्या एक-दोन तक्रारी होत्या, त्याही चौथ्या दिवशीच्या. लादी पावाची एकही नाही. खारी आणि टोस्ट यांचा तर प्रश्नच नव्हता.

लादी पाव सुटला कारण तो लहान असतो, भट्टीतून निघाला की लवकर निवतो आणि बहुतेक त्याच दिवशी मिसळीबरोबर संपतो. खारी-टोस्टमध्ये पाणीच इतके कमी की जिवाणू वाढू शकत नाहीत. उरतो तो मोठा ब्रेड. तो आतून तासन्‌तास गरम राहतो, ओलसर असतो आणि पिशवीत तीन-चार दिवस पडून राहतो. त्यातही ज्यात गव्हाचा कोंडा आहे तो आधी बिघडतो. हे सगळे धागे एकाच दिशेला जातात: बॅसिलस गटातले बीजाणू करणारे जिवाणू. त्यात प्रामुख्याने बॅसिलस सबटिलिस, आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिससुद्धा. हे मातीतले जीव. गव्हाबरोबर येतात, आणि दाण्याच्या बाहेरच्या थरावर जास्त असल्यामुळे मैद्यापेक्षा कोंड्यात जास्त सापडतात.

ब्रेड भाजताना कवच चांगले तापते, पण गाभ्याचे तापमान शंभर अंशांच्या जरा खालीच राहते आणि तेही काही मिनिटेच. गाभ्यात पाणी आहे तोवर ते शंभराच्या वर जाऊ शकत नाही. यीस्ट मरते, बुरशी मरते, साधे जिवाणू मरतात. बॅसिलसचे बीजाणू बऱ्याच प्रमाणात टिकतात. ब्रेड निवून तीस-चाळीस अंशांवर आला की ते अंकुरतात. त्यांची विकरे पिठातला स्टार्च आणि प्रथिने तोडतात, म्हणून गाभा विरघळल्यासारखा होतो. पेशींभोवती चिकट आवरण तयार होते आणि त्याची तार सुटते. फळांसारखा वास येतो तो डायअसिटिल, असिटॉइन अशा उडून जाणाऱ्या पदार्थांचा. वास आधी येतो, तार नंतर. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण तार दिसेपर्यंत थांबले तर तो माल कधीच दुकानात पोचलेला असतो.

एक शंका मात्र तिथल्या तिथे मिटवायला हवी होती. कच्चा राहिलेला किंवा अंकुरलेल्या गव्हाच्या पिठाचा ब्रेडसुद्धा आतून चिकट लागतो. फरक वेळेचा आहे. तो चिकटपणा पहिल्या दिवसापासून असतो, त्याला वास नसतो आणि तो वाढत नाही. शेठच्या कारागिराने ठामपणे सांगितले की भट्टीतून काढलेला ब्रेड अगदी चांगला असतो, कापतानाही सुरीला चिकटत नाही. म्हणजे बिघाड नंतर वाढत होता. वाढणारे काहीतरी आत होते.

यीस्ट-मोल्ड काउंटने काय सांगितले

आमच्याकडे तेव्हा एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी शिकायला होती. तिने पहिलाच प्रश्न नेमका विचारला: “मॅडम, ब्रेडमध्ये यीस्ट तर आपण घालतोच. मग काउंट दहाच्या आत कसा?”

कारण बेकरीचे यीस्ट पन्नास ते साठ अंशांच्या आसपास मरते, आणि ब्रेडचा गाभा त्याच्या खूप वर जातो. ताज्या ब्रेडच्या गाभ्यात जिवंत यीस्ट भरपूर सापडले, तर ब्रेड कच्चा आहे किंवा ते नंतर बाहेरून आले आहे असे समजावे. बुरशीचेही तसेच. तिचे बीजाणू भट्टीत मरतात. ब्रेडवरची बुरशी जवळजवळ नेहमी भाजल्यानंतर बसलेली असते: निवायच्या रॅकवर, कापायच्या यंत्राच्या पात्यांवरून, हवेतल्या पिठाच्या धुळीतून, हातातून. म्हणजे यीस्ट-मोल्ड काउंट हा भट्टीनंतरच्या स्वच्छतेचा आरसा आहे. भट्टीतून जिवंत बाहेर आलेल्या गोष्टीबद्दल तो काहीच बोलत नाही.

आणि बोलणार तरी कसा? त्याच्या माध्यमातच जिवाणूंना दाबणारे प्रतिजैविक असते. आयएस ५४०३ या भारतीय मानकातल्या यीस्ट एक्स्ट्रॅक्ट डेक्स्ट्रोज अगारमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल घालतात. डीआरबीसी अगारमध्येही तेच असते, शिवाय पसरणाऱ्या बुरशीला आवर घालण्यासाठी डायक्लोरान आणि रोज बेंगाल. हेतू असा की बुरशी पाच दिवस सावकाश वाढत असताना जिवाणूंनी प्लेट व्यापू नये. म्हणजे एका ग्रॅममध्ये कोटींनी बॅसिलस असलेला ब्रेड या प्लेटवर ओतला तरी प्लेट कोरी राहू शकते. तो अहवाल खोटा नव्हता. त्या प्लेटला बॅसिलस दिसूच नये अशीच तिची रचना आहे.

तरीही हा काउंट आम्ही पुन्हा केला, कारण ब्रेडमध्ये दोन दोष एकदम असू शकतात. निर्जंतुक पिशवीत ब्रेडचा २५ ग्रॅम नमुना आणि २२५ मिलि पेप्टोन पाणी घालून दोन मिनिटे घुसळले. ही झाली दशांश विरलता. त्यातले १ मिलि प्लेटमध्ये घेऊन वरून अगार ओतला, प्रत्येक विरलतेच्या दोन प्लेट, २५ अंश, पाच दिवस. प्लेट सरळ ठेवल्या आणि मध्ये हलवल्या नाहीत. बुरशीचे बीजाणू हलवाहलवीत गळतात आणि एका वसाहतीच्या चार होतात.

इथे ‘१० पेक्षा कमी’ या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. दशांश विरलतेचे १ मिलि म्हणजे ब्रेडचा ०.१ ग्रॅम. त्या प्लेटवर एकही वसाहत आली नाही तर ‘ग्रॅममागे १० पेक्षा कमी’ असे लिहितात. तो शून्य नव्हे. या पद्धतीला त्याच्या खालचे दिसत नाही एवढाच त्याचा अर्थ. पृष्ठभागावर ०.१ मिलि पसरायची पद्धत वापरली तर तीच मर्यादा १०० होते, आणि तरीही काही अहवालांत ‘१० पेक्षा कमी’ छापलेले सापडते. अहवाल हातात आला की किती मिलि आणि कोणती विरलता हे विचारावेच.

त्याच दिवशी भाजलेल्या, न कापलेल्या ब्रेडचा गाभा: दोन्ही प्लेट कोऱ्या. परत आलेल्या कापलेल्या ब्रेडच्या दशांश प्लेटवर ३४ आणि ३८, शतांश प्लेटवर ३ आणि ४. चारही प्लेटची बेरीज ७९, भागिले ०.२२ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३६०. त्यात बहुतेक हिरवट-निळ्या पेनिसिलियमसारख्या वसाहती आणि थोड्या काळ्या अॅस्परजिलस. कापण्याच्या यंत्रावर काहीतरी आहे, याची ही खूण होती. पण ग्रॅममागे ३६० बुरशी-बीजाणूंनी तिसऱ्या दिवशी ब्रेडचा गाभा विरघळत नाही.

तारेचे बीजाणू मोजणे

आता खरा प्रश्न. त्याच दशांश मिश्रणाचे १० मिलि पातळ काचेच्या नळीत घेऊन ८० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवले. दहा मिनिटे नळी पाण्यात टाकल्यापासून मोजायची नाहीत. शेजारी तेवढेच पाणी भरलेली, थर्मामीटर लावलेली दुसरी नळी ठेवायची आणि तिच्यात ८० दिसले की घड्याळ सुरू करायचे. पाण्याची पातळी नळीतल्या द्रवाच्या वर असावी. नाहीतर वरच्या काठाला लागलेले थेंब थंडच राहतात आणि न मेलेले साधे जिवाणू बीजाणू म्हणून मोजले जातात. काही पद्धतींत याहून कडक, चौऱ्याण्णव अंश पंधरा मिनिटे तापवतात. कोणतीही वापरा, पण दर वेळी तीच वापरा, कारण दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

तापवल्यावर लगेच थंड करून डेक्स्ट्रोज ट्रिप्टोन अगारमध्ये ओतले, ३५ अंश, ४८ तास. बॅसिलसच्या वसाहती करड्या-पांढऱ्या येतात, कोवळ्या असताना ओलसर, मग हळूहळू सुरकुततात. सुईने स्पर्श करून वर उचलले की तार सुटते का, हे प्रत्येक प्रकारच्या वसाहतीवर पाहायचे. तापवून उगवलेला प्रत्येक बीजाणू ब्रेडला तार आणणारा नसतो, म्हणून ही पायरी गाळू नये.

परत आलेला ब्राउन ब्रेड न तापवता मोजला तर ग्रॅममागे ६.७ कोटी जिवाणू निघाले. ज्या ब्रेडवर यीस्ट-मोल्ड फक्त ३६०, त्याच ब्रेडवर. विद्यार्थिनीने दोन्ही प्लेट शेजारी ठेवून फोटो काढला. मीही तो शेठना दाखवला, कारण आकड्यांपेक्षा त्या दोन प्लेटनी त्यांना लवकर पटले.

पण बिघडलेल्या ब्रेडमध्ये जिवाणू सापडणे हे निदान झाले, कारण नव्हे. बीजाणू आले कुठून? शेठचा रोख कोंडा देणाऱ्या गिरणीवर होता. मी त्यांना म्हटले, आरोप करण्याआधी घाण्यात जे जे जाते ते सगळे मोजू. मैदा, कोंडा, पाणी, यीस्ट. कारागीर जरा घुटमळला आणि म्हणाला, “आणि रिटर्नचा ब्रेड. तो भिजवून ब्राउनमध्ये टाकतो आपण. रंगही येतो, माल वाया जात नाही.”

मैद्यात ग्रॅममागे सुमारे ५० बीजाणू निघाले. कोंड्याच्या शतांश प्लेटवर ५२ आणि ५८, म्हणजे ५,५००. भिजवलेल्या रिटर्न ब्रेडच्या लगद्यात दहा हजार पट विरलतेवर ७१ आणि ७९, म्हणजे ग्रॅममागे साडेसात लाख.

आता नुसता हिशोब. ब्राउन ब्रेडच्या एका घाण्यात ४५ किलो मैदा, ५ किलो कोंडा, ४ किलो लगदा आणि पाणी वगैरे धरून कणीक ८२ किलो. कोंड्यातून कणकेच्या एका ग्रॅममध्ये येतात ५,५०० × ५ ÷ ८२, म्हणजे सुमारे ३३५. मैद्यातून २७. लगद्यातून ७,५०,००० × ४ ÷ ८२, म्हणजे सुमारे ३६,६००. शंभरातले नव्याण्णव बीजाणू लगद्याचे. गिरणी बदलून शेठच्या पदरात एक टक्काही पडला नसता.

भाजून काढल्यावर त्याच घाण्याच्या ताज्या ब्रेडमध्ये ९,२०० निघाले. म्हणजे भट्टीने चारातले तीन मारले, एक उरला. आणि तो एक पुढे ३५ अंशांच्या गुदामात दोन दिवस वाढायला मोकळा.

सुरुवात बहुधा कोंड्यानेच झाली असेल. एखाद्या गरम आठवड्यात थोडा ब्रेड बिघडला, वास जाणवण्याआधीच न विकला गेल्यामुळे परत आला, भिजवला गेला आणि पुढच्या घाण्यात मिसळला. त्यातले बीजाणू भट्टीतून पुन्हा सुटले. प्रत्येक फेरीत संख्या चढत गेली. बाहेरून येणारा संसर्ग एकदा येतो. हा बेकरीने रोज नव्याने पेरलेला होता.

तारेची वसाहत ही खरोखर दोषी आहे का, याची शेवटची खात्री ब्रेडवरच करायची. ऑटोक्लेव्ह केलेल्या ब्रेडच्या तुकड्यावर वेगळ्या काढलेल्या जिवाणूचे मिश्रण १ मिलि सोडले, दुसऱ्या तुकड्यावर नुसते निर्जंतुक पाणी, दोन्ही ३५ अंशांवर. पहिल्या तुकड्याला दुसऱ्या दिवशी तोच खरबुजाचा वास आला आणि ४८ तासांनी तार सुटली. पाण्याचा तुकडा तसाच राहिला. ग्रॅम रंगाईत जांभळे दंडगोल, मॅलाकाइट ग्रीनने पेशीच्या आत हिरवे बीजाणू. जातीचे नाव नक्की करायला आणखी चाचण्या लागतात, पण उपाय ठरवायला एवढे पुरेसे होते.

प्रोपिओनेट होते, मग चालले का नाही

शेठचा पुढचा प्रश्न रास्त होता. कॅल्शियम प्रोपिओनेट हे ब्रेड टिकवणारे रसायन ते घालतच होते, पिठाच्या ०.३ टक्के, ५० किलोला १५० ग्रॅम. तयार ब्रेडमध्ये ते साधारण २,००० पीपीएम पडते, ब्रेडसाठी असलेल्या ५,००० पीपीएमच्या मर्यादेच्या बरेच आत. त्यांचा विचार होता की ते दुप्पट करावे.

आम्ही ब्रेडचा पीएच मोजला. १० ग्रॅम गाभा १०० मिलि पाण्यात घुसळून, जरा थांबून. ब्राउनचा ५.९, पांढऱ्याचा ५.८. विचारल्यावर कळले की हिवाळ्यात काही दुकानदारांनी आंबट वासाची तक्रार केली म्हणून पिठात घालायचे व्हिनेगर बंद केले होते. हिवाळ्यात काही बिघडले नाही, म्हणून ते विसरूनही गेले.

प्रोपिओनिक आम्ल जिवाणूच्या किंवा बुरशीच्या पेशीत शिरते ते मुख्यतः न विघटित रूपात. त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला ते निम्मे विघटित असते तो आकडा, ४.८७ आहे. पीएच ५.९ ला त्यातले फक्त साडेआठ टक्के त्या कामाच्या रूपात असते. पीएच ५.२ ला तेच प्रमाण बत्तीस टक्के होते. म्हणजे प्रोपिओनेट दुप्पट केले तर परिणाम दुप्पट. तेवढेच प्रोपिओनेट ठेवून पीएच ५.२ वर आणला तर जवळजवळ चौपट. शिवाय बॅसिलसला स्वतःलाही आम्ल रुचत नाही. पीएच पाचाकडे सरकला की त्याची वाढ मंदावते. आणि प्रोपिओनेट वाढवत गेले की ब्रेडला चव आणि वास लागतो, यीस्टही सुस्तावते. म्हणून औषध वाढवण्याआधी पीएच मोजा, असे मी प्रत्येक बेकरीवाल्याला सांगते. पीएच मीटर ही बेकरीतली सर्वात दुर्लक्षित वस्तू आहे.

चार घाणे

बोलून पटवण्यापेक्षा आम्ही बेकरीतच चार लहान घाणे लावले. पहिला नेहमीसारखा. दुसरा लगद्याशिवाय. तिसरा लगद्याशिवाय आणि व्हिनेगर घालून. चौथा लगदा ठेवून आणि व्हिनेगर घालून. व्हिनेगर चार टक्क्यांचे होते. पिठाच्या ०.१५ टक्के असिटिक आम्ल हवे होते, म्हणजे ५० किलो पिठाला ७५ ग्रॅम आम्ल, म्हणजे सुमारे १.९ लिटर व्हिनेगर. तेवढे पाणी कमी केले. कणीक फुगायला थोडा जास्त वेळ लागला, तो कारागिराने नजरेने सांभाळला. या ब्रेडचा पीएच ५.२ आला.

प्रत्येक घाण्याचे ब्रेड नेहमीच्याच पिशव्यांत बांधून ३५ अंशांच्या कपाटात ठेवले. रोज प्रत्येक घाण्याचा एक नवा ब्रेड कापायचा, आधी वास, मग गाभ्याचा रंग, मग दोन तुकडे जोडून हळूच ओढायचे. एकदा उघडलेला ब्रेड पुन्हा ठेवायचा नाही.

पहिल्या घाण्याला दुसऱ्या दिवशी वास आला आणि तिसऱ्या दिवशी तार. तक्रारीशी तंतोतंत जुळणारे. दुसऱ्यात ताज्या ब्रेडचे बीजाणू ग्रॅममागे शंभराच्या आतच होते, तरी चौथ्या दिवशी हलका वास आला. चौथ्यात, म्हणजे लगदा आणि व्हिनेगर दोन्ही असताना, तिसऱ्या दिवसाच्या शेवटी वास आला. आम्लाने एक दिवस मिळवून दिला, पण नऊ हजारांच्या सैन्यापुढे ते पुरे पडले नाही. तिसरा घाणा पाच दिवस स्वच्छ राहिला.

या निकालातून मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो दुसऱ्या घाण्याचा. लगदा काढला, बीजाणू शंभर पटींनी उतरले, तरी वास फार तर दोन दिवस पुढे गेला. जिवाणू दुपटी-दुपटीने वाढतात. शंभर पट म्हणजे त्यांना सातेक दुपटी, आणि ३५ अंशांवर त्या काही तासांच्या असतात. नुसती संख्या कमी करून भागत नाही, वाढीचा वेगही कमी करावा लागतो. संख्या लगदा बंद करून उतरते, वेग पीएचने आणि निवण्याने उतरतो.

निवण्याबद्दल एवढेच, की ब्रेड पिशवीत बांधताना गाभ्याचे तापमान ४६ अंश होते. मेच्या रात्री खोलीच तीसच्या आसपास, रॅक भिंतीला चिकटून, पंखा एका बाजूला. पिशवीच्या आत पाण्याचे थेंब जमत होते. ३५ च्या खाली आल्याशिवाय कापायचे-बांधायचे नाही असे ठरले, आणि त्यासाठी ब्राउन ब्रेडचा घाणा दोन तास आधी लावावा लागला. कारागिरांच्या पाळ्या बदलाव्या लागल्या. कागदावर सोपी वाटणारी ही दुरुस्ती प्रत्यक्षात सर्वात कठीण गेली.

सहाव्या दिवशीची बुरशी

तिसऱ्या घाण्याच्या ब्रेडवर सहाव्या दिवशी हिरवी बुरशी आली. शेठ हिरमुसले. मला मात्र ती अपेक्षितच होती. तार थांबली, म्हणून आता ब्रेड पुढच्या कमकुवत जागेपर्यंत पोचला, आणि ती जागा म्हणजे ते ३६०.

आता यीस्ट-मोल्ड काउंट कामाचा झाला. न कापलेल्या ब्रेडवर तो दहाच्या आत आणि कापलेल्यावर शेकड्यांत, म्हणजे दोष मधल्या टप्प्यात. डीआरबीसीच्या प्लेट पंधरा मिनिटे उघड्या ठेवल्या: निवायच्या खोलीत चार वसाहती, कापायच्या यंत्राशेजारी ते चालू असताना एकतीस. पात्यांखालच्या ट्रेमध्ये जुना चुरा साचून दमट झाला होता, आणि यंत्र दाबाच्या हवेने झाडले जायचे. त्या हवेनेच बीजाणू सगळ्या ब्रेडवर बसत होते. हवा बंद करून व्हॅक्यूमने चुरा ओढायला सुरुवात केली, ट्रे रोज रिकामा आणि कोरडा. त्यानंतर कापलेल्या ब्रेडचा काउंट २० वर आला.

कणकेच्या भांड्यांसाठी वेगळी काळजी लागली. बॅसिलसच्या बीजाणूंवर गरम पाणी, स्पिरिट किंवा नेहमीचे सुवासिक जंतुनाशक चालत नाही. आधी साबणाने पिठाचा थर पूर्ण काढायचा आणि मग क्लोरीनचे २०० पीपीएम पाणी दहा मिनिटे ठेवून धुऊन टाकायचे. पीठ राहिले तर क्लोरीन त्यातच खर्च होते आणि बीजाणू तसेच राहतात. लगदा भिजवायचे लाकडी पिंप धुण्याच्या पलीकडे गेले होते. ते बाहेर काढले.

रिटर्न मालाचे काय, यावर बराच वाद झाला. शेठ म्हणाले, “टोस्ट करतो, त्यात तर पाणीच नाही.” टोस्टमध्ये तार सुटणार नाही हे खरे. पण बीजाणू त्यात जिवंत राहतात, चुरा आणि ट्रे त्याच कारखान्यातून फिरतात. शिवाय तार सुटलेल्या ब्रेडमध्ये हे जिवाणू कोटींनी असतात आणि असा ब्रेड खाऊन उलट्या-जुलाब झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे वास आलेला किंवा उन्हाळ्यात परत आलेला कोणताही ब्रेड कारखान्याच्या दारातून आत न घेता बाहेरच वेगळा करायचा, एवढे मी मान्य करून घेतले.

महिन्याने ताज्या ब्राउन ब्रेडचे बीजाणू ग्रॅममागे ९० आले, पीएच ५.२, आणि तो आकडा कोंडा-मैद्याच्या हिशोबाशी जुळत होता: कणकेत ३६०, चौथा भाग ९०. म्हणजे आता जे आहे ते धान्यातून येते, बेकरीतून नाही. शेठ दर आठवड्याला कोंड्याचा नमुना पाठवतात. दर घाण्यातले दोन ब्रेड ३५ अंशांच्या कपाटात ठेवून तिसऱ्या दिवशी कारागीर स्वतः कापून वास घेतो आणि वहीत लिहितो. अहवालाच्या अर्जावर आम्ही ब्रेडसाठी यीस्ट-मोल्डच्या खाली बीजाणूंचा आणि पीएचचा रकाना छापला आहे. पावसाळ्यात कोंडा दमट येऊ लागला की यीस्ट-मोल्डचा रकाना आणि बीजाणूंचा रकाना दोन्ही वर जातील, पण वेगवेगळ्या कारणांनी, आणि तेव्हा कुठे बघायचे ते शेठना आता ठाऊक आहे.